वकिलाची नोटीस हाती आली म्हणजे



आपल्या गावात एखादा कागद आला, की तो वाचून घ्यायला माणूस कोणाकडे जातो? शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे. दुपारच्या सुट्टीत एखादा शेतकरी व्हरांड्यात येऊन उभा राहतो, पिशवीतून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "बघा जरा." आणखी काही विचारत नाही. काय विचारायचे हेच त्याला ठाऊक नसते. कागद इंग्रजीत असतो, वर कोणा वकिलाचे नाव छापलेले असते, आणि दोन रात्री त्याला झोप आलेली नसते.

अशा वेळी गुरुजींनी काय करावे, आणि गुरुजी जवळ नसले तर आपले आपण काय पाहावे, हे आज एका उदाहरणावरून सांगणार आहे. नोटिसा अनेक तऱ्हेच्या असतात. मी आज एकीचीच गोष्ट घेतो, कारण ती खेड्यात फार येते आणि तिच्यातले दिवस फार थोडे असतात. ही नोटीस चेक परत गेल्याची.

उदाहरणातल्या शेतकऱ्याला आपण तात्या म्हणू. तात्यांनी जून महिन्यात एका खत-बियाण्याच्या दुकानातून सोयाबीनचे बी, खत आणि फवारणीचे औषध उधारीवर उचलले. बिल झाले ८५,००० रुपये. दुकानदार म्हणाला, "तात्या, भरवशासाठी एक चेक देऊन ठेवा." तात्यांनी चेकवर सही केली. तारीख घातली नाही, रक्कम लिहिली नाही. कोरा चेक सही करून दिला आणि घरी आले.

पीक निघाले. नोव्हेंबरात तात्यांनी मोबाईलवरून २०,००० रुपये दुकानदाराच्या खात्यात पाठवले. डिसेंबरात १५,००० रोख दिले. त्या वेळी दुकानदाराने बिलाच्या पाठीमागे "रोख १५,००० मिळाले" असे लिहून सही केली. म्हणजे ३५,००० फिटले आणि ५०,००० राहिले. पुढे भाव पडला, घरात आजारपण निघाले, आणि बाकी तशीच राहून गेली.

फेब्रुवारीत दुकानदाराने तो कोरा चेक काढला, त्यावर ३ फेब्रुवारी ही तारीख घातली, रक्कम ८५,००० लिहिली आणि आपल्या बँकेत भरला. खात्यात तेवढे पैसे नव्हते. ६ फेब्रुवारीला बँकेने "पुरेशी रक्कम नाही" असा मेमो जोडून चेक दुकानदाराला परत दिला. २० फेब्रुवारीला दुकानदाराच्या वकिलाने नोटीस पाठवली. ती स्पीड पोस्टाने २४ फेब्रुवारीला तात्यांच्या घरी पोचली. सुनेने सही करून पाकीट घेतले आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवले. तात्यांनी ते २ मार्चला शाळेत आणले.

आता गुरुजी, तो कागद आपल्यासमोर आहे. तात्या काही विचारत नाहीत. पण त्यांच्या मनात चार प्रश्न आहेत. हा कागद कोणाचा? पोलीस येतील काय? माझ्याकडे दिवस किती? आणि मी करू काय? या चार प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने द्यावी.

पहिला प्रश्न, कागद कोणाचा? सगळ्यांत आधी पाहायचे ते हे, की कागद वकिलाचा आहे की न्यायालयाचा. वकिलाच्या पत्रावर वकिलाचे नाव, पत्ता आणि "माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून" अशा अर्थाचे वाक्य असते. न्यायालयाच्या कागदावर न्यायालयाचे नाव, शिक्का, खटल्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. त्याला समन्स म्हणतात. समन्स हाती आले, किंवा माणूस सापडला नाही म्हणून दारावर डकवलेले दिसले, तर गुरुजींनी त्याचा अर्थ लावत बसू नये. तारीख तेवढी मोठ्याने वाचून दाखवावी आणि माणसाला त्याच दिवशी वकिलाकडे धाडावे. डकवलेले समन्स फाडून टाकल्याने ते टळत नाही.

तात्यांचा कागद वकिलाचा आहे. त्यात "कलम १३८" असे लिहिलेले आहे आणि "१५ दिवसांच्या आत" असे शब्द आहेत. एवढ्या दोन खुणांवरून नोटीस ओळखता येते. हे कलम चेकसंबंधीच्या १८८१ सालच्या जुन्या कायद्यात आहे. त्याचे नाव निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. मात्र चेक परत जाणे हा गुन्हा पहिल्यापासून नव्हता. ते कलम १९८८ मध्ये घातले गेले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. देणे फेडण्यासाठी दिलेला चेक पैशांअभावी परत गेला, नोटीस मिळाली, आणि नोटीस मिळाल्यावरही १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर गुन्हा होतो. नीट ध्यानात घ्या. चेक परत गेला त्या दिवशी गुन्हा पुरा होत नाही. नोटिशीनंतरचे १५ दिवस निघून गेले म्हणजे तो पुरा होतो. कायद्याने माणसाला ही एक संधी ठेवलेली आहे, आणि नोटीस म्हणजे त्या संधीचे पत्र आहे. ते कोनाड्यात ठेवले तर संधीही कोनाड्यातच राहते.

दुसरा प्रश्न, पोलीस येतील काय? नाही. ही नोटीस वकिलाने धाडलेली आहे. तिच्यावरून कोणी धरायला येत नाही, जमीन जप्त होत नाही, घराला कुलूप लागत नाही. या गुन्ह्यात पोलीस आपण होऊन खटला भरत नाहीत. ज्याला पैसे येणे आहेत त्याने स्वतः न्यायालयात लेखी फिर्याद द्यावी लागते. पण एवढे ऐकून तात्या "हात्तिच्या!" म्हणून उठू लागले तर त्यांना बसवून घ्यावे आणि पुढचेही सांगावे. फिर्याद दाखल झाली, आरोप शाबीत झाला, तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा या कलमात आहे. ८५,००० च्या चेकला तो दंड १,७०,००० पर्यंत जाऊ शकतो. गुन्हा जामीनपात्र आहे. मात्र समन्स येऊनही तारखेला हजर राहिले नाही, तर न्यायालय वॉरंट काढू शकते, आणि मग पोलीस खरोखरच दारात येतात. लोक ज्याची भीती धरतात ती गोष्ट नोटिशीने येत नाही. नोटीस आणि समन्स न पाहिल्याने येते.

तिसरा प्रश्न, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा, दिवस किती? यासाठी कागदापेक्षा पाकीट मोलाचे आहे. बरेच लोक पाकीट चुलीत घालतात आणि कागद जपून ठेवतात. असे करू नका. नोटिशीवरची तारीख २० फेब्रुवारी आहे, पण दिवस त्या तारखेपासून मोजायचे नसतात. नोटीस हाती पडली त्या दिवसापासून मोजायचे. तो दिवस पाकिटावरच्या क्रमांकावरून पोस्टात कळतो. पूर्वी अशा नोटिसा बहुधा रजिस्टर पोस्टाने यायच्या. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टात मिळवून टाकली, म्हणून आता पाकिटावर स्पीड पोस्टाचा क्रमांक असतो.

आता बोटे घालून मोजू. नोटीस मिळाली २४ फेब्रुवारीला. मिळाल्याचा दिवस धरायचा नाही. म्हणून २५ फेब्रुवारी हा पहिला दिवस. यंदा फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला, तर २८ तारखेला ४ दिवस झाले. १ मार्च हा पाचवा. असे मोजत गेले की ११ मार्च हा पंधरावा दिवस येतो. ११ मार्च ही तात्यांची शेवटची तारीख. कागद शाळेत आला २ मार्चला. म्हणजे कोनाड्यात ६ दिवस गेले आणि हाती उरले ९. गुरुजींनी ही तारीख फळ्यावर लिहावी तशी मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून तात्यांच्या हाती द्यावी. शेवटच्या दिवशी बँक बंद असू शकते, वीज नसू शकते, म्हणून खुणेची तारीख दोन दिवस आधीची, म्हणजे ९ मार्च अशी सांगितलेली बरी.

११ मार्चपर्यंत काही झाले नाही, तर १२ मार्चपासून दुकानदाराला फिर्याद करण्याचा हक्क येतो, आणि ती त्याने एका महिन्यात करावयाची असते. दुकानदारालाही मुदती आहेत हे यावरून दिसेल. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस द्यायला हवी. आपल्या उदाहरणात ६ फेब्रुवारीला कळले आणि २० तारखेला नोटीस निघाली, म्हणजे ती मुदतीत आहे. तसेच चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत भरलेला असावा लागतो. तात्यांचा चेक तारीख घालून लगेच भरलेला आहे, तेव्हा तिथेही उणीव नाही. या तारखा जुळत नसतील तर ती गोष्ट तात्यांच्या उपयोगाची ठरते. म्हणून त्या चिठ्ठीवर चारही तारखा लिहाव्या: चेकची, चेक परत गेल्याची, नोटीस पाठवल्याची आणि नोटीस मिळाल्याची. वकील पहिल्याने ह्याच चार तारखा विचारतो.

मधेच एक शंका कोणी तरी काढणारच. "पाकीट घेतलेच नसते तर?" गावात असा सल्ला देणारे शहाणे पुष्कळ आहेत. पोस्टमनला सांगायचे, घरी नाहीत म्हणून लिहा. पण पत्ता बरोबर असेल आणि पाकीट "घेण्यास नकार" किंवा "मालकाने सोडवून नेले नाही" असा शेरा पडून परत गेले, तर नोटीस मिळाली असेच सर्वसाधारणपणे धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणखी असे म्हटले, की मला नोटीस मिळालीच नाही असे जो सांगतो, त्याने निदान न्यायालयाचे समन्स हाती आल्यावर १५ दिवसांत चेकची रक्कम भरावी. जो तेही करीत नाही, त्याला नोटीस मिळाली नाही ही सबब सांगता येत नाही. तेव्हा पाकीट नाकारल्याने काही वाचत नाही. उलट आत काय लिहिले आहे ते आपल्याला कळत नाही आणि १५ दिवस मात्र चालू होतात.

तसाच दुसरा गैरसमज चेक थांबवण्याचा. चेक भरण्याआधी बँकेत जाऊन "पैसे देऊ नका" असे लिहून दिले की सुटलो, असे पुष्कळांना वाटते. देणे खरे असेल तर चेक थांबवून किंवा खाते बंद करूनही या कलमातून सुटका होत नाही.

आता चौथा प्रश्न, करायचे काय? इथे दोन वाटा होतात, आणि कोणत्या वाटेने जायचे हे एकाच गोष्टीवर ठरते. चेकवर जी रक्कम आहे तेवढे देणे खरोखर आहे काय?

देणे पुरे आहे असे समजू. तात्यांनी काहीच फेडले नसते आणि बिलही ८५,००० चेच असते, तर वाट सरळ आहे. ११ मार्चच्या आत ८५,००० रुपये भरावे. रोख देऊ नये. दुकानदाराच्या बँक खात्यात जमा करावे, म्हणजे तारीख आणि रक्कम दोन्ही बँकेच्या नोंदीत राहतात. पैसे भरल्याचे वकिलालाही पत्राने कळवावे आणि चेक परत मागावा. नोटिशीत बहुधा १८ टक्के व्याज, नोटिशीचा खर्च असेही आकडे असतात, आणि ते पाहून माणूस गांगरतो. पण कलम १३८ चा गुन्हा हा चेकच्या रकमेपुरताच असतो. चेकची रक्कम मुदतीत दिली की हा गुन्हा होत नाही. व्याजाचा वाद राहिला तर तो दिवाणी न्यायालयात मागायचा असतो, त्यासाठी कैद नाही. ८५,००० जमवता येतात पण व्याजाचे ९,००० जमत नाहीत म्हणून कोणी सगळेच राहू दिले, तर ते फार मोठे नुकसान आहे.

पण तात्यांचे तसे नाही. त्यांचे खरे देणे ५०,००० आहे आणि चेकवर ८५,००० लिहिलेले आहेत. इथे वाट वाकडी होते, आणि गुरुजींनी थांबायची जागाही इथेच आहे. का ते सांगतो.

तात्या पहिल्याने म्हणतात, "गुरुजी, मी तर कोरा चेक दिला होता. रक्कम त्यानं लिहिली. मग हा चेक खोटाच की!" हे ऐकायला पटते, पण कायदा एवढ्यावर थांबत नाही. ज्याने आपखुशीने सही करून कोरा चेक दुसऱ्याच्या हाती दिला, त्याने रक्कम लिहिण्याची मुभाही दिली असे धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितले. सही आपली असली की न्यायालय सुरुवातीला असेच धरून चालते की चेक देण्यापोटीच दिलेला आहे. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार सही करणारावर येतो. तेव्हा नुसता "कोरा चेक होता" एवढा बचाव घेऊन तात्या उभे राहिले, तर तो तोकडा पडेल.

पण तात्यांजवळ एक खरी गोष्ट आहे. त्यांनी चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत पडण्याआधी ३५,००० फेडलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका गुजरातेतल्या प्रकरणात असा निर्णय दिला, की चेक दिल्यानंतर काही रक्कम फिटली असेल आणि तरीही तोच चेक पुऱ्या रकमेसाठी भरला असेल, तर भरण्याच्या दिवशी चेकवरची रक्कम ही खरे देणे दाखवत नाही. अशा चेकवर हा गुन्हा उभा राहत नाही. फिटलेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेसाठी तो भरायला हवा होता. हा निर्णय तात्यांच्या बाजूचा आहे. पण तो आपोआप लागू होत नाही. ३५,००० फिटले हे दाखवावे लागेल, आणि ते ह्याच बिलापोटी फिटले, दुसऱ्या कुठल्या मागच्या उधारीपोटी नव्हे, हेही दाखवावे लागेल. दुकानदार म्हणेल, "ते पैसे तर गेल्या वर्षीच्या बाकीचे." मग मोबाईलवरचे २०,००० कोणत्या खात्यातून कोणत्या दिवशी गेले, बिलामागची सही कोणाची, मागची बाकी होती की नव्हती, हे सगळे निघणार.

म्हणून तात्यांना असे सांगावे: "तात्या, तुमची बाजू नीट मांडली तर टिकण्याजोगी आहे. पण ती मांडायचे काम माझे नव्हे, वकिलाचे आहे. आणि उद्याच गेले पाहिजे."

काही गुरुजी मायेपोटी स्वतःच उत्तर लिहून देतात. त्यांचे अक्षर चांगले असते, भाषा चांगली असते. ते लिहितात, "आपले ८५,००० रुपये देणे मला मान्य आहे, परंतु यंदा पीक बुडाल्यामुळे चार महिन्यांची मुदत द्यावी." हे वाक्य नम्र आहे, पण त्याने घात होतो. एका ओळीत ८५,००० चे देणे कबूल झाले आणि ३५,००० फेडल्याचा उल्लेखही राहिला नाही. पुढे न्यायालयात हाच कागद तात्यांच्या समोर येतो. शिवाय मुदत मागितल्याने मुदत मिळत नाही. समोरच्याने लेखी मान्य केले नाही तोवर १५ दिवस चालूच असतात.

उत्तरच दिले नाही तर? उत्तर न देणे हा काही गुन्हा नाही. पण खटल्यात प्रश्न निघतो की तुम्ही ३५,००० दिले होते, तर नोटीस आली तेव्हाच का सांगितले नाही? २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीला उत्तर न देण्याचा अर्थ फिर्यादीच्या बाजूने लावलेला आहे. म्हणून जिथे रकमेचा वाद आहे तिथे मुदतीत, वकिलाच्या हातून, पुराव्यासह उत्तर गेलेले बरे. उरलेले ५०,००० त्याच वेळी भरावे की कसे, हेही वकिलाने कागद पाहून ठरवावे. माझ्यासारख्याने पुस्तिकेत लिहून ते ठरवता येणार नाही.

वकिलाकडे जाताना काय न्यायचे? नोटीस आणि तिचे पाकीट. बँकेचे पासबुक आणि चेकबुकाची राहिलेली पाने. दुकानाचे बिल, पाठीमागच्या सहीसह. मोबाईलवरून पैसे पाठवल्याची नोंद बँकेतून छापून घेतलेली. आणि चार तारखांची ती चिठ्ठी. बिलाची मूळ प्रत आपल्यापाशी ठेवावी, वकिलाला झेरॉक्स द्यावी. मूळ द्यावीच लागली तर दिल्याची पोच घ्यावी.

"वकिलाला द्यायला पैसे कुठले?" हा तात्यांचा शेवटचा अडसर. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तेथे पात्र माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी ही मदत मागता येते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. आपण तिच्यात बसतो की नाही ते कार्यालयात विचारावे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी वाट दाखवतात. मात्र अर्ज, मंजुरी, वकिलाची नेमणूक यात दिवस जातात. नऊ दिवस हाती असताना पहिल्याच दिवशी जावे आणि मुदतीची तारीख तिथल्या माणसाला तोंडी सांगावी.

वाटेत समेट निघू शकतो. दुकानदारही गावचाच असतो, त्यालाही खटला चालवायची हौस नसते. हा गुन्हा आपसात मिटवता येतो, खटला सुरू झाल्यावरही मिटवता येतो, आणि अशी पुष्कळ प्रकरणे लोकअदालतीत मिटतात. पण पारावर बसून तोंडी मिटले म्हणजे मिटले असे समजू नका. "तात्या, दिवाळीला द्या, मी काही करत नाही," असे दुकानदार म्हणाला आणि १२ मार्चनंतर त्याने फिर्याद केली, तर त्या शब्दाला साक्षी कोण? समेटात रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि चेक परत देण्याची गोष्ट लेखी असावी, त्यावर दोघांच्या सह्या असाव्या. आणि हप्त्यांसाठी पुन्हा कोरे चेक मागितले तर देऊ नयेत. प्रत्येक चेकवर रक्कम, नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहूनच सही करावी, आणि ती चेकबुकाच्या मागे टिपून ठेवावी.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्यापुरते दोन शब्द. कागद वाचणे, तो कोणाचा आहे ते ओळखणे, तारखा काढणे आणि शेवटचा दिवस मोजून देणे, एवढे काम तुम्ही निःशंक करा. ते तुमच्याइतके चांगले गावात दुसरे कोणी करणार नाही. चेकवरची रक्कम आणि खरे देणे एकच असेल आणि पैसे भरण्याची तयारी असेल, तर खात्यात पैसे कसे भरायचे तेही सांगा. पण रक्कम जुळत नसेल, चेक हरवलेला किंवा चोरीला गेलेला असेल, सही आपली नाही असे माणूस म्हणत असेल, चेक एखाद्या सोसायटीचा किंवा भागीदारीतल्या धंद्याचा असेल, पैसे मुदतीत भरणे शक्यच नसेल, किंवा कागद न्यायालयाचा असेल, तर उत्तर लिहायला पेन उचलू नका. त्या माणसाला तालुक्याच्या गाडीत बसवून द्या.

आणि तात्यांसारखे जे श्रोते आहेत त्यांना एवढेच सांगतो. अनोळखी वकिलाचे पाकीट घरी आले, तर ज्याने ते हाती घेतले त्यानेच त्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. सुनेला येत असेल तर सुनेने, नातवाला येत असेल तर नातवाने. ते कोनाड्यात ठेवायचे नाही. त्याच संध्याकाळी ज्याला वाचता येते त्याच्याकडे न्यायचे. काही विचारायला सुचले नाही तरी चालेल. तात्यांनीही काही विचारले नव्हते. कागद पुढे ठेवा, पाकिटासकट ठेवा, आणि एवढेच म्हणा, "यातली शेवटची तारीख कोणती, ते सांगा."